दादाचं उरलेलं सिरप धाकटीला द्यावं का?

*डॉक्टर, माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, वजन १८ किलो. महिन्यापूर्वी त्याला सर्दी-ताप होऊन कान ठणकत होता. तेव्हा डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं सिरप दिलं होतं, ५ मिली दिवसातून दोनदा, ७ दिवस. सगळे डोस दिले. तीन बाटल्या आणाव्या लागल्या, तिसरीतलं २० मिली उरलंय. बाटली फ्रिजमध्येच आहे आणि तिच्यावर एक्सपायरी पुढच्या वर्षाची आहे. आता सोळा महिन्यांच्या मुलीला तीन दिवस तसाच ताप आहे, नाक वाहतंय, सारखा कान ओढते. वजन १० किलो. सासूबाई म्हणाल्या, त्याला लागू पडलं होतं तेच आहे, अर्धं दे. काल रात्री साडेनऊला अडीच मिली दिलं. सकाळी ताप उतरल्यासारखा वाटला, पण मन खायला लागलं म्हणून पुढचा डोस दिला नाही. देऊ का?*

ताई,

नाही, देऊ नका. थांबलात ते अगदी योग्य केलंत.

आधी काल दिलेल्या डोसाबद्दल, कारण मनात तेच घोळत असणार. एवढ्या एका डोसाने मुलीला इजा होण्याची शक्यता फार कमी आहे. औषध दिल्यावर तासाभरात तिचे ओठ किंवा डोळे सुजले नसतील, अंगावर गांध्या उठल्या नसतील, श्वास लागला नसेल, तर लगेच उसळणारी तीव्र ॲलर्जी झालेली नाही. पुढचे काही दिवस अंगावर पुरळ येतंय का, जुलाब होतायत का, एवढं बघा. मात्र सोळा महिन्यांच्या मुलीला तीन दिवस ताप आहे, तेव्हा तिला आजच डॉक्टरांकडे न्या. पुढचं सगळं परत आल्यावर वाचलंत तरी चालेल.

आता ती बाटली. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण डोस, दिवस आणि कानाचं दुखणं यावरून ते अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक ॲसिड यांचं एकत्र औषध असावं असं धरून मी लिहिते आहे. मुलांच्या कानदुखीत ते पुष्कळदा देतात. औषध दुसरं निघालं तरी आकडे तेवढे बदलतील, उत्तर हेच राहील.

बाटली घरी आणली तेव्हा तिच्यात तळाशी कोरडी भुकटी होती, आठवतंय? उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालून, हलवून तुम्ही त्याचं सिरप केलंत. ही औषधं भुकटीच्या रूपात विकतात, कारण ती पाण्यात टिकत नाहीत. बाटलीवर छापलेली पुढच्या वर्षाची तारीख त्या कोरड्या भुकटीची आहे. पाणी पडलं त्या क्षणापासून ती तारीख रद्द होते आणि दुसरी, फार लहान मुदत सुरू होते. या औषधाची ती मुदत फ्रिजमध्ये ठेवूनही साधारण ७ दिवसांची असते. दुसऱ्या काही सिरपांची १० किंवा १४ दिवस असते. लेबलावर बारीक अक्षरात 'पाणी मिसळल्यानंतर इतक्या दिवसांत वापरा' असं लिहिलेलं सापडेल. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ आयांनी ती ओळ वाचलेली नसते. त्यात त्यांचा दोष मी धरत नाही. मोठी तारीख ठळक छापायची आणि खरी मुदत कोपऱ्यात दडवायची, हे मला मुळीच पटत नाही.

मुदतीनंतर आत काय होतं तेही सांगते. या औषधात दोघांची जोडी आहे. जंतूंना मारायचं काम अमॉक्सिसिलिनचं. पण काही जंतू एक रसायन सोडतात आणि अमॉक्सिसिलिनचे तुकडे करून टाकतात. त्या रसायनाला अडकवून ठेवायचं काम क्लॅव्युलॅनिक ॲसिड करतं, म्हणजे ते या जोडीतली ढाल आहे. पाण्यात आधी विरून जाते ती ही ढालच. महिनाभर जुन्या बाटलीत अमॉक्सिसिलिन थोडंफार उरलेलं असेल, पण ज्या कारणासाठी डॉक्टरांनी साधं अमॉक्सिसिलिन सोडून हे औषध निवडलं, ते कारणच बाटलीत शिल्लक नसेल. कधी कधी सिरप पिवळं किंवा तपकिरी पडतं आणि त्यावरून कळतं, पण प्रत्येक वेळी नाही. वास, चव, रंग सगळं पहिल्यासारखं असूनही औषध उतरलेलं असू शकतं. शिवाय हे सिरप म्हणजे पाण्यात तरंगणारी भुकटी. ती सारखी तळाशी बसते. महिनाभर उभ्या असलेल्या बाटलीतलं अडीच मिली म्हणजे नेमकं किती औषध, ते मीही सांगू शकणार नाही.

समजा, बाटली आज सकाळीच तयार केलेली आहे. तरीही माझं उत्तर नाहीच असतं, आणि या पत्रातला महत्त्वाचा भाग तोच आहे.

'त्याला लागू पडलं होतं' असं सासूबाई म्हणाल्या. त्यांनी नातवाला बरं होताना डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. पण त्या वेळी तुमच्या मुलाच्या डॉक्टरांनी काय पाहिलं होतं, ते जरा आठवा. त्यांनी कानात दिवा घालून पडदा बघितला असेल. मधल्या कानात पू साठला की तो पडदा लाल होतो आणि बाहेरच्या बाजूला फुगून येतो. त्या फुगलेल्या पडद्यावरून त्यांनी औषध ठरवलं, ताप आणि वाहतं नाक यांवरून नव्हे. मुलीच्या बाबतीत तो पडदा अजून कुणी पाहिलेलाच नाही. आपल्याला दिसतं ते फक्त बाहेरचं, आणि बाहेरून शंभर आजार सारखे दिसतात.

कान ओढणं हे तर फारच फसवं लक्षण आहे. या वयाची मुलं दात येताना कान ओढतात, झोप आली की ओढतात, सर्दीने कानात दडे बसले तरी ओढतात. मी तपासलेल्या कान ओढणाऱ्या कितीतरी बाळांचे पडदे अगदी स्वच्छ, मोत्यासारखे राखाडी निघाले आहेत. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि अँटिबायोटिक विषाणूंना काहीच करत नाही. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे आत जंतू झाले, असंही नाही. सर्दी मुरताना त्याचा रंग तसा होतोच. बरं, पडदा खरोखर लाल निघाला, तरी प्रत्येक वेळी अँटिबायोटिक लागतंच असं नाही. एकाच कानाला आणि सौम्य त्रास असेल, तर डॉक्टर दोन-तीन दिवस दुखणं कमी करणारं औषध देऊन वाट बघतात. पुष्कळ मुलांचे कान तेवढ्यात आपले आपण बरे होतात.

आता 'अर्धं दे' याचा हिशेब करून बघू. मुलांना अँटिबायोटिक वयावर किंवा अंदाजाने देत नाहीत, वजनावर देतात. या सिरपच्या जास्त कडक प्रकारात ५ मिलीमध्ये ४०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन असतं. तुमच्या मुलाला तेच दिलं असेल, तर त्याला दिवसाला ८०० मिलिग्रॅम जात होतं. १८ किलोला भागलं की दर किलोला साधारण ४४ मिलिग्रॅम येतं. तोच दर मुलीच्या १० किलोला लावला तर दिवसाला ४४० मिलिग्रॅम, म्हणजे साडेपाच मिली, दोन वेळांत विभागून पावणेतीन मिली. सासूबाईंचा अंदाज अडीचचा होता. तो फार चुकलेला नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करते.

पण आता दिवस मोजा. दोन वर्षांखालच्या मुलांचा कान बऱ्याचदा चिवटपणे धरून बसतो, म्हणून मोठ्या मुलांना पाच-सात दिवस पुरतं तिथे या वयात डॉक्टर बहुधा १० दिवसांचा कोर्स देतात. साडेपाच मिलीने १० दिवसांचे ५५ मिली होतात. तुमच्याकडे आहेत २०. चौथा दिवस पुरा व्हायच्या आत बाटली संपली असती. शिवाय कानासाठी पुष्कळ वेळा दर किलोला ८० ते ९० मिलिग्रॅमचा जोरदार डोस द्यावा लागतो. तसं असतं तर अडीच मिली हा जेमतेम निम्मा डोस ठरला असता, आणि बाटली दोन दिवसांतच रिकामी झाली असती. तुमचं सिरप कमी कडक प्रकारचं असेल, तर त्याच अडीच मिलीत औषध निम्मं. म्हणजे कान खरंच दुखत असता, जंतू तेच असते, औषध ताजं असतं, तरी मुलीला अर्धवट उपचार मिळून ते मध्येच थांबले असते. उरलेल्या औषधाची ही अडचण कायमचीच आहे. ते उरलेलं असतं, म्हणजेच पुरेसं नसतं.

तुमचं उरलं कसं, तेही यातच दिसतं. मुलाला दिवसाला १० मिली, म्हणजे ७ दिवसांचे ७० मिली. बाटली ३० मिलीची, म्हणून तीन आणाव्या लागल्या आणि तिसरीतून एकच दिवस औषध काढलं गेलं. तुम्ही काहीही अर्धवट सोडलेलं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण 'औषध उरलं म्हणजे कोर्स पुरा केला नाही' असं कुणी ऐकवलं की आया विनाकारण अपराधी होतात.

सगळ्यात जास्त काळजी मला मात्र तुमच्या एका वाक्याची वाटली: सकाळी ताप उतरल्यासारखा वाटला.

हे का, ते सांगायला एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी जवळपास तुमच्या मुलीएवढ्याच वयाची एक मुलगी माझ्याकडे आली. पाच दिवस येऊन-जाऊन ताप. नाक थोडं वाहत होतं. घरात मोठ्या बहिणीचं सिरप होतं. त्याचे तीन डोस दिले, ताप उतरला, म्हणून थांबवलं. दीड दिवसाने ताप पुन्हा चढला, या वेळी थंडी वाजून. तपासलं तर कान स्वच्छ, घसा स्वच्छ, छाती मोकळी. लहान मुलींना इतर काही खूण न दाखवता नुसता ताप येत असेल, तर लघवीतला जंतुसंसर्ग मनात धरावाच लागतो. या वयात मूल जळजळ होते म्हणून सांगत नाही, लघवीला वास येईलच असंही नाही. म्हणून नळीने स्वच्छ नमुना घेऊन कल्चरला पाठवला. कल्चर म्हणजे त्या नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ते कोणते आहेत आणि कोणत्या औषधाने मरतात ते बघायचं. दोन दिवसांनी उत्तर आलं: वाढ नाही.

साध्या तपासणीत लघवीत पांढऱ्या पेशी भरपूर होत्या, म्हणजे आत काहीतरी चाललं होतं हे उघड होतं. पण जंतू उगवले नाहीत, कारण घरच्या तीन डोसांनी ते नमुन्यात वाढण्याइतके जोमदार राहिले नव्हते. आजार बरा करायला ते डोस कमी पडले, आणि आजाराचा माग पुसायला मात्र पुरले. लघवीच्या कल्चरवर एका डोसाचाही परिणाम होऊ शकतो. आता मला जंतूचं नाव माहीत नव्हतं आणि कोणतं औषध त्याला लागू पडेल तेही माहीत नव्हतं. लघवीत सापडणाऱ्या जंतूंपैकी बरेचसे अमॉक्सिसिलिनला दाद देत नाहीत, हे ठाऊक असल्याने मला अंदाजाने व्यापक परिणामाचं औषध शिरेतून द्यावं लागलं. मुलगी बरी झाली. पण एका साध्या तपासणीत जे नेमकं कळलं असतं आणि कदाचित तोंडावाटे दिलेल्या औषधावर भागलं असतं, त्यासाठी त्या बाळाला चार दिवस हाताला सुई लावून राहावं लागलं. या संसर्गाला उशीर झाला तर मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहू शकतात, म्हणून अंधारात दवडलेला तिचा प्रत्येक दिवस माझ्या जिवाला लागत होता.

मेंदूज्वराच्या बाबतीत हीच गोष्ट आणखी भयंकर होते, कारण अर्धवट औषधाने त्याची लक्षणं काही काळ दबतात आणि पाठीच्या पाण्याची तपासणीही फसवते. तुमच्या मुलीला असं काही असेल असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा अशा तापाच्या मागे साधा विषाणूच निघतो. पण ताप उतरला म्हणजे औषध लागू पडलं, हा निष्कर्ष काढू नका. विषाणूचा ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपणहून उतरणीला लागतो, सकाळी तसाही कमी असतो, आणि पॅरासिटामॉल दिलं असेल तर त्यानेही उतरतो. यातलं कुठलं कारण खरं, ते घरात बसून ओळखता येत नाही.

ॲलर्जीबद्दल एवढंच सांगते. एका भावंडाला औषध सोसलं म्हणून दुसऱ्याला सोसेलच असं नसतं. आणखी एक गोष्ट घडते, जी लोकांच्या लक्षात येत नाही. विषाणूच्या आजारात अमॉक्सिसिलिन दिलं की काही मुलांच्या अंगावर सपाट लालसर पुरळ उठतं. ती खरी ॲलर्जी नसते, पण घरात 'हिला पेनिसिलिन चालत नाही' असं पक्कं होऊन बसतं. मग पुढे आयुष्यभर, गरज असेल तेव्हाही, डॉक्टर एक चांगलं, जुनं, सुरक्षित औषध तिला द्यायला कचरतात.

तुमच्या पत्रामुळे मला एक जुनं भाषण आठवलं. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक घेताना एक कल्पित उदाहरण दिलं होतं. एका गृहस्थाचा घसा दुखतो. ते स्वतःच पेनिसिलिन आणून घेतात, पण जंतू मरण्याइतकं नाही, फक्त त्यांना प्रतिकार शिकवण्याइतकं. मग तेच जंतू त्यांच्या पत्नीला लागतात आणि तिच्यावर पेनिसिलिन चालत नाही. घरातल्या घरात काय घडू शकतं, हे त्यांनी औषध नवं कोरं असतानाच ओळखलं होतं.

आज आपल्याला एवढं जास्त कळतं की हा धडा बहुतेक वेळा आजाराचे जंतू शिकत नाहीत, तर आपल्या आतड्यात आणि घशात एरवी निमूट राहणारे जंतू शिकतात. प्रत्येक कोर्समध्ये, मग तो गरजेचा असो वा नसो, त्यांतले कमजोर मरतात आणि दणकट उरतात. असे दणकट जंतू मुलाच्या अंगात काही महिने राहू शकतात. एका ताटात जेवणाऱ्या, एका उशीवर लोळणाऱ्या भावंडांमध्ये ते सहज इकडून तिकडे जातात. पुढे त्यांतलेच काही कान, छाती किंवा लघवीत शिरले की नेहमीचं औषध चालत नाही. खरी गरज असेल तेव्हा ही किंमत आपण आनंदाने मोजतो. तुमच्या मुलाच्या कानासाठी ती मोजली, ते ठीकच होतं. मुलीच्या बाबतीत गरज आहे की नाही, हेच अजून ठरलेलं नाही.

मग घरात काय द्यावं? तापाने मूल कासावीस असेल तर पॅरासिटामॉल द्या. ते जंतूंशी लढत नाही, आजार झाकत नाही आणि कोणत्याही कारणाच्या तापाला तेच असतं. त्यामुळे दादाच्या बाटलीतलं, मुदतीतलं पॅरासिटामॉल धाकटीला चालतं, फक्त डोस तिच्या वजनाचा हवा. दर किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोला एका वेळी १५० मिलिग्रॅम. दोन डोसांमध्ये किमान चार ते सहा तासांचं अंतर आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त चार वेळा. बाटलीवर ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर ३ मिली, १२५ लिहिलं असेल तर ६ मिली. सहा वर्षांच्या मुलाची बाटली बहुधा कडक असते, तेव्हा हा आकडा वाचल्याशिवाय माप भरू नका. चमच्याऐवजी तोंडात औषध सोडायची बिनसुईची सिरिंज वापरा. घरातले चमचे एकसारखे नसतात.

डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत तिच्याकडे लक्ष ठेवा. ती शांत असताना पोटावरचे कपडे वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. या वयात ४० किंवा जास्त भरले, श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, ती पीत नसेल, आठ तासांत लघवी झाली नसेल, हाक मारूनही डोळे नीट उघडत नसेल किंवा झटका आला, तर वेळ ठरवून जायची वाट बघू नका. लगेच जवळच्या रुग्णालयात न्या. आणि हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि त्याला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल, तर इतर काहीही लक्षण नसलं तरी त्याला तासाभरात डॉक्टरांसमोर न्या. घरातलं कुठलंच औषध देऊन बघू नका.

त्या बाटलीत आता ठेवण्यासारखं काही नाही. मोरीत ओतू नका, कारण तिथून ते सांडपाण्यात जाऊन तिथल्या जंतूंना तोच धडा देतं. तुमच्या औषध दुकानात जुनी औषधं परत घेत असतील तर तिथे द्या. नसतील तर सिरप मातीत कालवून, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाका, म्हणजे कुणाच्या तोंडी जाणार नाही. पण हे आज डॉक्टरांकडून परत आल्यावर करा. जाताना बाटली सोबत न्या, नाव आणि प्रमाण त्यांना स्वतः वाचू द्या. पुढच्या वेळी सिरप तयार कराल तेव्हा पट्टी चिकटवून तिच्यावर मुलाचं नाव आणि पाणी घातल्याची तारीख लिहा. म्हणजे सासूबाईंना फ्रिज उघडताच कळेल की हे कोणाचं आणि कधीपर्यंतचं. त्यांना हे समजावताना बाटलीतली ढाल आणि २० मिलीचा हिशेब सांगा. 'डॉक्टर रागावल्या' असं सांगू नका, कारण मी रागावलेली नाही.

आणि तपासणीच्या खोलीत शिरताच पहिलं वाक्य हे बोला: "काल रात्री साडेनऊला हिला दादाच्या बाटलीतलं अडीच मिली दिलंय, फक्त एकदा." अनेक आया रागावतील म्हणून हे लपवतात आणि मग आम्ही 'वाढ नाही' असा रिपोर्ट हातात घेऊन कोड्यात पडतो. डॉक्टरांना लघवी किंवा रक्त तपासायचं असेल, तर तो एक डोस लक्षात ठेवूनच ते रिपोर्ट वाचतील. पॅरासिटामॉल कधी आणि किती दिलं, तेही एका कागदावर लिहून न्या.